कॉफी चाखायला या! निमंत्रणात काय लिहावे?

घरी कॉफी चाखण्यासाठी चार माणसे बोलवायची, तर निमंत्रणात वार, वेळ आणि पत्ता एवढे पुरत नाही. ‘कॉफीला या’ म्हटले की पाहुणा दूध-साखरेचा वाफाळता कप डोळ्यांपुढे ठेवून येतो. समोर बिनदुधाच्या कॉफीच्या वाट्या आणि चमचे दिसले की तो बिचकतो. काय उकळणार, ते कसे प्यायचे आणि येताना काय टाळायचे, हे आधी कळले तर मात्र संध्याकाळ पहिल्या घोटापासून रंगते.

त्याआधी यजमानाने कॉफी ठरवायला हवी. तीन प्रकार पुरेत, चौथ्याला जीभ थकते. ते तीन असे निवडावेत की एकातून दुसऱ्यात जाताना शक्यतो एकच गोष्ट बदलेल. भारतीय कॉफीत अशी जुळणी सहज सापडते. पहिली चिकमगळूरची ‘वॉश्ड’ अरेबिका. हिच्या पिकलेल्या फळाची साल काढतात, बीवरचा चिकट गर आंबवून धुतात आणि मग बी वाळवतात. दुसरी शक्यतो त्याच मळ्यातली ‘नॅचरल’ अरेबिका. हिचे अख्खे फळ उन्हात वाळते आणि बी नंतर सोडवतात. बी इतके दिवस गरातच राहिल्याने फळाचा वास आणि गोडवा तिच्यात जास्त जाणवतो. तिसरी मान्सून्ड मलबार. तिच्यासाठी फळासकट वाळवलेल्या कॉफीचे बी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर दमट वाऱ्यात पसरून ठेवतात. ते ओलावा शोषून फुगते, हिरवट रंग जाऊन फिकट पिवळे होते आणि त्याचा आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफीचे महिनोन्‌महिने जे होत असे, तेच इथे जाणूनबुजून केले जाते. तिघींची भाजणी मध्यम आणि शक्य तितकी सारखी हवी. एक फिकट आणि दुसरी काळीकुट्ट भाजलेली असेल, तर चाखणारा भाजणीचीच तुलना करत बसतो आणि प्रक्रियेतला फरक हरवतो.

खरेदी करताना पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘फिल्टर कॉफी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत पुष्कळदा चिकोरी असते. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत चालते आणि तिचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. या तीन वाट्यांसाठी निव्वळ कॉफीच हवी.

सहा पाहुण्यांसाठीचे निमंत्रण असे लिहिता येईल:

‘नमस्कार मंडळी! येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता आमच्या घरी कॉफी चाखायला या. तीन कॉफ्या असतील: धुऊन वाळवलेली, फळासकट वाळवलेली आणि पावसाळी वाऱ्यात ठेवलेली. वाट्यांवर फक्त क, ख, ग लिहिलेले असेल, कोणती कुठली ते शेवटी सांगू. आधी तिन्ही बिनदुधाच्या, बिनसाखरेच्या आणि चमचाभरच घ्यायच्या. शेवटी दुधाची फिल्टर कॉफी आणि खायला आहेच. येताना अत्तर लावू नका, आणि तासभर आधीपासून पान, बडीशेप, तिखट टाळा. कॉफीने झोप उडत असेल तर तसे कळवा.’

या मजकुरात एक गोष्ट मुद्दाम गाळली आहे. पाकिटावर छापलेली ‘संत्रे, चॉकलेट, मध’ ही चवींची यादी त्यात नाही. ती वाचून आलेल्याला संत्रेच लागते, मग वाटीत काहीही असो. प्रक्रिया सांगावी, चव सांगू नये. अत्तराची सूचनाही शिष्टाचारापुरती नाही. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग घशामागून नाकात जाणारा वास असतो, आणि एकाच्या अत्तराने सगळ्यांच्या वाट्या बिघडतात. वेळ ५ ची, कारण कॅफिन निम्मे व्हायलाच बहुतेकांना पाचेक तास लागतात.

प्रत्यक्ष कृतीला यंत्र लागत नाही. कॉफी व्यवसायात जिला ‘कपिंग’ म्हणतात तीच पद्धत घरी चालते. २०० मिलिलिटरच्या वाटीला ११ ग्रॅम कॉफी, जाड रव्याइतकी भरड दळलेली. प्रत्येक कॉफीच्या दोन वाट्या धरल्या तर ६६ ग्रॅम कॉफी आणि १.२ लिटर पाणी लागते. दळण ऐन वेळी करावे आणि पाणी ओतण्याआधी सगळ्यांनी कोरड्या पुडीचा वास घ्यावा. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबावे, म्हणजे ते ९३ अंशांच्या आसपास येते. मग वाट्या काठोकाठ भराव्यात आणि ढवळू नये.

पुडी वर येऊन जाड साय धरते. चार मिनिटांनी तिच्यात चमच्याची पाठ तीनदा हलकेच फिरवून ती फोडायची, नाक अगदी वाटीशी नेऊन. त्या क्षणी सुटणारा वास संध्याकाळभरात पुन्हा तितका दाट मिळत नाही, म्हणून एकेक वाटी एकेका पाहुण्याला फोडू द्यावी. साय पातळ आणि बुडबुड्यांविना असेल तर बहुधा कॉफी शिळी असते किंवा पाणी पुरेसे गरम नसते. नंतर वरचा फेस काढून टाकावा आणि गाळ बसू द्यावा. ओतल्यापासून दहा-बारा मिनिटांनी चाखायला घ्यावे. त्याआधी घाई केली तर जीभ भाजते आणि पुढचे काहीच कळत नाही.

वाटीतून काढायचा चमचा वेगळा, प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा. वरवरची कॉफी आपल्या चमच्यात घेऊन ती जोराने भुरकावी. एरवी पंगतीत भुरके मारले तर मोठी माणसे डोळे वटारतात, इथे मात्र ते हवेतच. भुरकल्याने थेंब तोंडभर उडतात आणि वास वर नाकापर्यंत पोचतो. निमंत्रणात नाही तरी दारातच हे सांगून टाकावे, नाहीतर पाहुणे संकोचाने हळूच पितात.

शोधायचे काय? पहिल्या फेरीत आंबटपणा किती, एवढेच पाहावे. दुसरीत तोंडात कॉफी पातळ वाटते की दाट. तिसरीत गिळल्यावर काय उरते. कडू आणि तुरट यांत गल्लत होते. कडू ही चव आहे, तर तुरटपणात जीभ आवळून कोरडी पडते. सगळ्याच वाट्या कडू आणि कोरड्या लागल्या तर दळण फार बारीक झाले आहे. पाणचट आणि नुसत्या आंबट लागल्या तर ते फार जाड आहे.

प्रत्येकाने आधी कागदावर लिहावे आणि मगच बोलावे. पहिला जोरात बोलणारा बाकीच्यांची चव ठरवून टाकतो. चाखणे गरम, कोमट आणि थंड असे तीनदा करावे, कारण खूप गरम असताना चवी दबलेल्या असतात. धुतलेल्या कॉफीचा स्वच्छ आंबटपणा आणि फळासकट वाळवलेलीचा पिकलेला, क्वचित आंबूस गोडवा कोमट झाल्यावरच वेगळा कळतो. मान्सून्ड मलबार या फेरीत सहसा लपत नाही. ती दाट आणि मातकट असते, आंबटपणा नावालाही नसतो. कोणाला ती सर्वांत आवडते, कोणाला मुळीच नाही.

क, ख, ग ची नावे उघड केल्यावर दुधाची पाळी येते. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी शेवटीच ठेवायची, कारण दुधाची साय आणि साखर जिभेवर बसली की बिनदुधाच्या कॉफीतले बारकावे उरत नाहीत. आधीच्या तीन फेऱ्यांत प्रत्येकाच्या पोटात फार तर शंभर मिलिलिटर कॉफी गेलेली असते, त्यामुळे हा कप बहुतेकांना चालतो. ज्यांनी झोपेचे कळवले असेल त्यांच्यापुढे सुरुवातीपासूनच एक रिकामा पेला ठेवावा: भुरकून, चव घेऊन कॉफी त्यात थुंकता येते, आणि व्यावसायिक चाखणारेही तेच करतात.