स्टिकर लावला की तुम्ही उत्पादक

समजा, डोंबिवलीतली एक गृहउद्योजिका मुंबईच्या लोहार चाळीतून मुलांच्या खोलीत लावायचे नाइट लॅम्प घाऊक भावात आणते, डब्यावर आपल्या ब्रँडचा स्टिकर लावते आणि ऑनलाइन विकते. आपण फक्त विक्रेते आहोत, असं तिला वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र तिला उत्पादक मानतो, कारण दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं चिन्ह लावणाराही त्या व्याख्येत बसतो. स्टिकर नसता, पण मूळ कारखानदार कोण हे सांगता आलं नसतं, तरी जबाबदारी तिच्यावरच आली असती. त्यामुळे घाऊक दुकानातून पक्कं बिल न घेणं मला विमा न घेण्याइतकंच धोक्याचं वाटतं.

आता नागपुरात एका घरी हा दिवा शॉर्ट होऊन गादी-पडदे जळाले, मुलाचा हात भाजला आणि तीन लाखांची भरपाई ठरली. प्रॉडक्ट लायबिलिटी पॉलिसीत एका अपघाताची मर्यादा दहा लाख आणि स्वतः सोसायची रक्कम पंचवीस हजार असेल, तर कंपनी पावणेतीन लाख देईल. दिव्याची किंमत किंवा बाजारातला उरलेला माल परत मागवण्याचा खर्च यात सहसा येत नाही.

खरी गफलत तारखांत होते. ही पॉलिसी साधारणपणे दावा ज्या काळात येतो, त्या काळाची असते. दिवा विकला तेव्हा विमा होता, पण पुढच्या वर्षी नूतनीकरण राहून गेलं आणि त्यानंतर नोटीस आली, तर जुनी पॉलिसी कामी येत नाही. शिवाय पॉलिसीत एक ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’ छापलेली असते आणि तिच्या आधी घडलेला अपघात धरला जात नाही. कंपनी बदलताना जुनीच तारीख पुढे चालू राहील, हे लेखी घ्यावं. तक्रार येताच विमा कंपनीला कळवावं. ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चूक आमचीच, पैसे देतो’ असं परस्पर लिहून दिलं, तर दावा अडकू शकतो.

वाटेत फुटलेल्या दिव्यांशी या पॉलिसीचा संबंध नाही. त्यासाठी ट्रान्झिट विमा लागतो. ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए’ हा त्यातला सर्वांत व्यापक प्रकार, पण अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान त्यातही वगळलेलं असतं. म्हणून पॅकिंगचे फोटो माल देतानाच काढून ठेवावेत. खोका चेपलेला आला, तर घेणाऱ्याने पावतीवर तसा शेरा मारूनच सही करावी. ट्रकने पाठवलेल्या मालासाठी वाहतूकदाराला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मालाची किंमत जाहीर केलेली नसेल, तर त्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. पाचशे रुपये भाड्याच्या खोक्यात चाळीस हजारांचे दिवे असले, तरी त्याच्याकडून पाच हजारच मिळतील.