रात्रीच्या काचेत काय दिसतं

दसऱ्याला साड्यांचं एक नवं शोरूम उघडायचं होतं. इमारतीला अजून बांबूचे परांचे होते, काचा बसायच्या होत्या, आणि शेठना मात्र महिनाभर आधी शहरभर फ्लेक्स लावायचे होते. त्यावर रात्रीचं, दिव्यांनी उजळलेलं दुकान हवं होतं. अशा वेळी दुकानाचं चित्र संगणकावर उभं करावं लागतं. आमच्या व्यवसायात त्याला ‘थ्रीडी व्ह्यू’ म्हणतात. तीस फूट रुंदीचा दर्शनी भाग, सहा-सहा फुटांच्या पाच काचा, वर नावाचा बोर्ड. आम्ही पहिलं चित्र केलं आणि शेठ ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अहो, हे दुकान चालू आहे की बंद, तेच कळत नाही.”

ते बरोबर बोलत होते. आम्ही काच चकचकीत दिसावी म्हणून तिच्यात समोरचा सगळा रस्ता उमटवला होता: इमारती, झाडं, आकाश. दिवसा काच तशीच दिसते. रात्री तशी दिसत नाही, आणि चित्र खोटं वाटण्याचं मूळ तिथेच होतं.

साध्या काचेवर सरळ समोरून प्रकाश पडला की पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के आणि मागच्यावरून जवळपास तेवढाच परत येतो. म्हणजे एकूण आठेक टक्के. हे प्रमाण दिवसा आणि रात्री सारखंच असतं. बदलतो तो दोन्ही बाजूंचा उजेड. उजेड मोजायचं माप म्हणजे लक्स. भर उन्हात बाहेर एक लाखाच्या आसपास लक्स असतात, दुकानात पाच-सहाशे. त्या लाखाचे आठ टक्के आतल्या उजेडाला सहज झाकून टाकतात आणि काचेचा आरसा होतो. रात्री रस्त्यावर दहा-वीस लक्स उरतात, आत मात्र तेच सहाशे. मग समोरच्या इमारतीच्या भिंतीचं प्रतिबिंब दुकानातल्या भिंतीपेक्षा चार-पाचशे पटींनी मंद पडतं. डोळ्याला ते दिसणारच नाही.

मग रात्रीच्या काचेत काही उमटतच नाही का? उमटतं, पण फक्त दिवे. समोरच्या मेडिकलचा हिरवा बोर्ड स्वतःच प्रकाशतो. तो उजळलेल्या भिंतीच्या चार-पाच पट तेजस्वी असू शकतो. त्याचे आठ टक्के म्हणजे आतल्या पांढऱ्या भिंतीच्या तेजाचा साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त. भिंतीवर पडलं तर ते प्रतिबिंब जेमतेम जाणवेल. पण तेच सागवानी काउंटरच्या गडद बाजूवर पडलं, तर लाकडापेक्षा ठळक दिसेल. म्हणून रात्रीच्या काचेत प्रतिबिंबं तुकड्या-तुकड्यांनी दिसतात. आतलं जे काळोखं, तिथे बाहेरचे दिवे. आतलं जे उजळ, तिथे काच नाहीशीच. हे एकदा लक्षात आलं की रात्री बाजारातून चालताना दुसरं काही सुचत नाही.

यातून खोटं चित्र ओळखण्याची एक सोपी खूणही मिळते. काचेतली अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. घाईत कोणी रस्त्याचा फोटो काचेवर तसाच चिकटवला, तर त्यातल्या पाट्या सुलट वाचता येतात.

कोनाचाही मोठा वाटा आहे. काचेकडे जितकं तिरकं पाहू, तितकी ती जास्त परावर्तित करते. याचं गणित फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी मांडलं. आमचा कॅमेरा डावीकडच्या टोकाशी, काचेपासून बारा फुटांवर होता. तिथून जवळची काच आठ टक्के परत पाठवते, तर पलीकडच्या टोकाची सुमारे एक चतुर्थांश. म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना आतल्या साड्या फिकटत जायला हव्यात आणि रस्त्यावरचे दिवे वाढत जायला हवेत. आम्ही पाचही काचा सारख्याच पारदर्शक ठेवल्या होत्या.

शिवाय टफन केलेली काच अगदी सपाट कधीच नसते. भट्टीत रोलरवरून जाताना तिला किंचित लाटा येतात, आणि शेजारच्या दोन काचा एका पातळीत तंतोतंत बसत नाहीत. त्यामुळे समोरच्या ट्यूबलाइटची सरळ रेघ काचेच्या सांध्याशी तुटते, जराशी सरकते. संगणकात आम्ही प्रत्येक काच अंशाच्या काही दशांशांनी फिरवली. एवढ्यानेच चित्रात जीव आला.

आतला उजेड हे वेगळं प्रकरण. पहिल्या चित्रात आम्ही छताखाली एक मोठा, सगळीकडे सारखा पसरणारा दिवा टाकला होता. दुकान हॉस्पिटलसारखं दिसत होतं. खरा स्पॉटलाइट भिंतीवर कमानीसारखा उजेड पाडतो: वर ठळक, खाली विरत जाणारा, दोन कमानींमध्ये सावली. दिवे बनवणाऱ्या कंपन्या आपल्या दिव्याचा उजेड कोणत्या दिशेला किती पडतो याची फाइल देतात, तिला आयईएस फाइल म्हणतात. ती लावली आणि ल्युमेनचे आकडे दिव्याच्या खोक्यावरचेच घेतले, तर अंदाजाने काही ठरवावं लागत नाही. दुकानाची खोलीही खरीच बांधावी लागते. काचेमागे आतला फोटो लावून भागवलं तर तिरक्या कोनातून तो कॅलेंडरसारखा सपाट दिसतो. पहिल्या मजल्याचा हिशोब तर अनेक जण विसरतात. फुटपाथवरून वर पाहिलं की साड्या दिसतच नाहीत, फक्त छत दिसतं. त्यामुळे तिथे कपाटांवर मेहनत न घेता फॉल्स सीलिंग आणि त्यातले दिवे नीट काढावेत.

बोर्डावर आमचे दोन दिवस गेले. आपल्याकडे दुकानाचं नाव कायद्याने देवनागरीत लागतं आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, तरी बहुतेक चित्रांत इंग्रजी लोगो आधी बसतो आणि मराठी नाव उरलेल्या जागेत कोंबलं जातं. आम्ही देवनागरीपासून सुरुवात केली. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द म्हणजे एकच सलग खोका होतो, अनुस्वाराचा ठिपका मात्र वेगळा बसवावा लागतो, आणि वेलांटीच्या बारीक वळणात एलईडीची पट्टी मावेल इतकी रुंदी ठेवावी लागते. चित्रात ते न सांभाळलं तर बोर्ड बनवणारा कारागीर पुढे अडतो.

अक्षरं तेजस्वी दिसावीत म्हणून आकडा वाढवत गेलो, तर लाल रंग आधी गुलाबी झाला, मग पांढरा. कॅमेराही असाच भरून जातो. उपाय असा की अक्षराचा दिसणारा चेहरा आतल्या भिंतीच्या चारेक पटच ठेवायचा, आणि भोवतालच्या भिंतीवर व फुटपाथवर पडणारी लाल झाक वेगळ्या, न दिसणाऱ्या दिव्याने द्यायची. बोर्ड पेटलेला आहे हे डोळ्याला त्या झाकेवरून कळतं.

आकाश आम्ही काळं ठेवलं नाही. सूर्य मावळल्यावर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटं गडद निळाई असते. तीच वेळ घेतली. काळ्या आकाशात इमारतीची कड हरवते, आणि निळ्यासमोर आतला पिवळसर उजेड अधिक ऊबदार वाटतो. फ्लेक्स छापताना ती निळाई मळकट आली, कारण पडद्यावरचा निळा शाईत उतरत नाही. दुसऱ्या छपाईला निळा आधीच उजळून दिला, तेव्हा जमलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी मी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघत होतो. मेडिकलवाल्याने बोर्ड लावला आणि तिसऱ्या काचेत, काउंटरच्या सागवानी बाजूवर, उलटी हिरवी अक्षरं उमटली. सांध्याशी त्यांची शिरोरेषा तुटलेली होती.