आरपार भोक पाडलेला गोळा

गेल्या महिन्याच्या पॉटलकला जेवणं उरकल्यावर आठवीतल्या एका पोराने आम्हाला गाठलं. "काका, भरीव गोळ्याच्या बरोब्बर केंद्रातून आरपार गोल भोक पाडलं. भोकाची लांबी ६ सेंमी. उरलेल्या भागाचं घनफळ किती?" आम्ही पडलो इंजिनियर! रुबाबात विचारलं, "गोळा केवढा? भोक किती रुंद?" तो म्हणाला, "ते दिलेलं नाही." आम्ही गणितच अपुरं ठरवून मोकळे झालो. आणि चुकलो.

घरी येऊन कागद घेतला. समजा, गोळ्याची त्रिज्या ५ सेंमी. भोकाची लांबी म्हणजे आतल्या भिंतीची या कडेपासून त्या कडेपर्यंतची उंची, गोळ्याचा व्यास नव्हे. निम्मी उंची ३, केंद्रापासून कडेपर्यंत ५, म्हणजे पायथागोरसच्या कृपेने भोकाची त्रिज्या ४. अख्खा गोळा ५२३.६ घनसेंमी, त्यातून दंडगोल ३०१.६ वजा केला. उरले २२२. इथेच आमची विकेट पडली! ड्रिल नुसता दंडगोल काढत नाही, त्याच्या दोन्ही टोकांवरच्या घुमटासारख्या टोप्याही उडवतं. त्या दोन्ही मिळून १०८.९. खरं उत्तर ११३.१.

मग त्रिज्या का लागत नाही? उरलेल्या भागाच्या कांद्यासारख्या आडव्या चकत्या करा. प्रत्येक चकती म्हणजे एक कडं. मध्यापासून y उंचीवर बाहेरच्या वर्तुळाच्या त्रिज्येचा वर्ग R² − y², भोकाच्या त्रिज्येचा R² − ९. वजाबाकी केली की R² उडून जातो आणि उरतं ९ − y². त्याला π ने गुणलं की कड्याचं क्षेत्रफळ. पण ३ सेंमी त्रिज्येच्या साध्या, बिनभोकाच्या गोळ्याची त्या उंचीवरची चकतीही नेमकी एवढीच असते! सगळ्या चकत्या सारख्या, म्हणून घनफळही सारखं: ३६π, म्हणजे ११३.१ घनसेंमी. (चकत्यांची ही युक्ती सतराव्या शतकातल्या इटलीच्या कावालिएरीच्या नावाने ओळखली जाते.)

आता गंमत बघा. पृथ्वीएवढा गोळा घेतला आणि ६ सेंमी उंचीची पट्टी उरेल इतकं रुंद भोक पाडलं, तरी उत्तर तेच! घेर ४०,००० किलोमीटर, पण मधली जाडी एका अणूपेक्षाही कमी. प्रत्यक्षात अशी पट्टी कोणी बनवू शकणार नाही, कागदावर मात्र हिशोब चोख बसतो.

पुढच्या भेटीत पोराला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "काका, मी एवढं केलंच नाही. त्रिज्या दिली नाही, म्हणजे ती लागत नसणार. मग भोकाची रुंदी शून्य धरली. ६ सेंमी व्यासाचा अख्खा गोळा उरला!" त्याने कोडं घालणाऱ्यावर विश्वास ठेवला होता, हे खरं. पण उत्तर बरोबर, आणि तेही दोन ओळींत.