दोन गावं, एक गुन्हा : 'गोदान' आणि 'नेक्टर इन अ सीव्ह' यांची तुलना कशी करायची

एम.ए.च्या तौलनिक साहित्याच्या पेपरसाठी ग्रामीण जीवनावरची एक भारतीय भाषेतली आणि एक इंग्रजी कादंबरी घ्यायची झाली, की बरेच विद्यार्थी प्रेमचंदांचं 'गोदान' आणि कमला मार्कंडेय यांचं 'नेक्टर इन अ सीव्ह' ही जोडी निवडतात. जोडी चांगली आहे. 'गोदान' १९३६ सालचं आणि हिंदीतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रेमचंद गेले. दुसरी कादंबरी १९५४ सालची. तिच्या लेखिकेचा जन्म म्हैसूरचा, पण १९४८पासून त्या इंग्लंडमध्ये राहत होत्या. दोन्हीकडे कूळ असलेला शेतकरी आहे, सोशिक पण खमकी बायको आहे, कर्ज आहे, दुष्काळ आहे, शहराकडे गेलेली मुलं आहेत.

अडचण नेमकी इथूनच सुरू होते. साम्य इतकं ढळढळीत आहे की पेपर साम्यांची यादी होऊन बसतो. होरीही गरीब, नाथनही गरीब. धनियाही झुंजते, रुक्मिणीही झुंजते. अशी आठ पानं भरतात आणि शेवटी हाती एवढंच लागतं की भारतीय शेतकरी दुःखी आहे. त्यासाठी दोन कादंबऱ्या वाचायची गरज नव्हती.

मी सांगेन ते असं करा. दोन्ही कादंबऱ्यांत घडणारी एकच गोष्ट निवडा आणि तिचे परिणाम कुठवर जातात ते पान उलटत शोधा. आज आपण एक उदाहरण पूर्ण करून बघू. लग्नाच्या चौकटीबाहेर गरोदर राहिलेली बाई घरात येते, हा तो प्रसंग.

'गोदान'मध्ये झुनिया ही भोला गवळ्याची विधवा मुलगी. होरीचा मुलगा गोबर तिच्या प्रेमात पडतो, ती गरोदर राहते, आणि गोबर तिला घराच्या दारापर्यंत आणून स्वतः लखनौला पळतो. होरी आणि धनिया आधी संतापतात, मग तिला घरात घेतात. इथपर्यंत ही घरातली गोष्ट आहे. पण गावची पंचायत बसते आणि होरीला शंभर रुपये रोख आणि तीस मण धान्य असा दंड करते. खळ्यावरचं धान्य होरी स्वतः डोक्यावरून वाहून पंचांकडे पोचवतो आणि रोख रकमेसाठी राहतं घर झिंगुरीसिंहाकडे गहाण टाकतो. तिकडे भोलाचं गाईच्या पैशाचं येणं आहेच. मुलीची बेअब्रू झाली या रागात तो येऊन होरीचे बैल सोडून नेतो. बैल नाहीत म्हणजे नांगर नाही. मग होरी दातादीन पंडिताबरोबर अर्धेलीने शेती करायला लागतो, आणि पुढे जवळजवळ त्याचा मजूरच होतो.

हे सगळं एका रेषेत मांडून बघा. जातीचा नियम मोडला, दंड झाला, धान्य गेलं, घर गहाण पडलं, बैल गेले, शेतकऱ्याचा मजूर झाला. 'गोदान'मधलं कर्ज नुसतं सावकाराच्या लोभातून वाढत नाही, ते बिरादरीच्या शिक्षेतून वाढतं. आणि शिक्षा देणारे पंच हेच गावातले सावकार आणि कारभारी आहेत.

आता दुसरीकडे या. रुक्मिणीची मुलगी इरावड्डी हिला मूल होत नाही म्हणून नवरा परत पाठवतो. पुढे दुष्काळात धाकटा भाऊ कुटी उपासमारीने खंगत जातो, तेव्हा त्याला चार घास मिळावेत म्हणून इरा देहविक्रय करते. कुटी वाचत नाही. इराला मूल होतं, तेही कोडासारख्या पांढऱ्याफटक कातडीचं. नैतिकदृष्ट्या बघितलं तर गावाच्या नजरेत हा झुनियापेक्षा मोठा गुन्हा ठरायला हवा. मग काय होतं? नाथनला लाज वाटते, शेजारणी कुजबुजतात, बाळ बघायला येतात. पंचायत बसत नाही. दंड नाही, बहिष्कार नाही, एक पैशाचंही कर्ज या घटनेमुळे वाढत नाही. प्रसंग घराच्या आत आणि आईच्या मनातच राहतो.

पेपरचा खरा प्रश्न इथे उभा राहतो. या गावात पंचायत का नाही? इथे घाई करून 'लेखिकेला खेडं माहीत नव्हतं' असं लिहू नका. ते वाक्य परीक्षकांनी फार वेळा वाचलेलं असतं आणि त्याला पुरावाही देता येत नाही. मजकुरातच काय आहे ते बघा. या गावाला नाव नाही. कुटुंबाची जात स्पष्ट सांगितलेली नाही. गोष्ट सांगते ती म्हातारी झालेली रुक्मिणी, प्रथमपुरुषी. त्यामुळे तिच्या घरापलीकडे काय शिजतं ते आपल्याला तिच्याइतकंच कळतं. प्रेमचंदांचा निवेदक मात्र पंचांच्या ओसरीवरही बसतो आणि रायसाहेबांच्या दिवाणखान्यातही. म्हणून 'गोदान'मध्ये आपल्याला कळतं की जमीनदार स्वतःही कर्जात आहे. रुक्मिणीच्या गोष्टीत जमीनमालक दिसतच नाही, त्याचा वसुलीवाला शिवाजी तेवढा दारात येतो.

मग या कादंबरीत नाश कुठून येतो? पावसातून, आणि गावात आलेल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यातून. कारखाना भाव वाढवतो, मुलं ओढून घेतो, आणि शेवटी नाथन कसत असलेली जमीन मालक त्यालाच विकतो. म्हणजे 'गोदान'मधला दाब गावाच्या आतून येतो, इथला बाहेरून. झुनिया आणि इरा शेजारी ठेवल्या की हा फरक तुमच्या हातात आयता येतो, आणि तो तुम्हाला दोन्ही पुस्तकांतून दाखवताही येतो.

त्याची उलटतपासणी शेवटावर करा. होरी आणि नाथन, दोघंही दगडखडीच्या मजुरीनंतर मरतात. होरी रस्त्याच्या कामावर खडी खणतो आणि उन्हाच्या झळेने जातो, पण स्वतःच्या गावात. जमिनीवरून बेदखल होऊ नये म्हणून त्याने धाकट्या रूपाचं लग्न वयाने मोठ्या रामसेवकाशी लावून दोनशे रुपये घेतलेले असतात. जमीन राहते, मान जातो. नाथन परक्या शहरात, खाणीवर दगड फोडून गावी परतायचे पैसे साठवताना मरतो. जमीन गेलेली असते, नवरा-बायकोचा एकमेकांबद्दलचा मान शाबूत असतो. आतून दाबणारं गाव माणसाला सोडत नाही, बाहेरून आलेला दाब त्याला गावातून उपटतो. पहिला मुद्दा इथे टिकला, म्हणून तो पेपरात ठेवायचा. टिकला नसता तर बदलायचा.

भाषेबद्दल एकच सांगतो. 'गोदान' शक्यतो हिंदीतून वाचा. इंदूर, भोपाळ, नागपूरकडच्या मराठी विद्यार्थ्यांना ते अवघड नाही. होरी दातादीनला 'महाराज' म्हणतो आणि रायसाहेबांना 'मालिक', या संबोधनांतच गावाची उतरंड आहे. मराठीतल्या 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांवरून आपल्याला ती चटकन कळते. गॉर्डन रोडारमेल यांचं १९६८चं इंग्रजी भाषांतर चांगलं आहे, पण इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. ते भाषांतर मूळ इंग्रजी कादंबरीशेजारी ठेवून दोघांच्या 'शैली'ची तुलना केलीत, तर तुम्ही प्रेमचंदांची नाही, रोडारमेल यांची शैली तपासत असता. प्रसंगांची तुलना भाषांतरावरून चालते. शब्दांची करायची असेल तर उतारा मूळ हिंदीतून द्या आणि खाली स्वतःचं भाषांतर लिहा.