आठवड्याला १८० ग्रॅम

जिममध्ये नवा आलेला मुलगा पहिल्या सहा-आठ महिन्यांत काहीही खाल्लं, कसाही व्यायाम केला तरी वाढतो. आज बेंच प्रेसला ४० किलो, पुढच्या आठवड्यात ४५. दोन-अडीच वर्षं नियमित व्यायाम झाला की हा वेग ओसरतो. तेच वजन महिनाभर हलत नाही, दंडाचं मापही तेवढंच राहतं. मग जिममधला कुणीतरी सल्ला देतो, ‘खा रे, भरपूर खा, बल्क कर.’ मुलगा खातो. चार महिन्यांत सहा-सात किलो वाढवतो आणि त्यातले बरेच पोटावर जमतात. पुढचे तीन महिने ते उतरवण्यात जातात.

लीन बल्क हा या चक्रातून बाहेर पडायचा मार्ग आहे: वजन वाढवायचं, पण इतक्या हळू की वाढीतला मोठा वाटा स्नायूंचा असावा. हळू म्हणजे नेमकं किती, यावरच सगळं ठरतं. मधल्या टप्प्यातल्या व्यायामपटूसाठी क्रीडा-पोषणतज्ज्ञ सर्वसाधारणपणे आठवड्याला शरीराच्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ सुचवतात. ७२ किलोच्या माणसासाठी हे १८० ते ३६० ग्रॅम होतात. यातली कोणती बाजू निवडावी? व्यायामाला दोन वर्षं होऊन गेली असतील आणि पोटावर आधीच थोडी चरबी असेल, तर खालची बाजू निवडणं शहाणपणाचं. वरची बाजू अंगानं किडकिडीत असलेल्यांसाठी किंवा नुकतंच नवखेपण संपलेल्यांसाठी.

जास्त खाल्लं तर स्नायूही जास्त वाढतील, हा समज नॉर्वेतल्या एका अभ्यासात तपासला गेला. इना गार्थे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अव्वल दर्जाच्या खेळाडूंचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला वजन वाढवण्यासाठी आहारतज्ज्ञांचं मार्गदर्शन मिळालं, दुसरा गट आपल्या मनाप्रमाणे जेवला. वेट ट्रेनिंग दोघांचंही होतं. आठ ते बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाचं वजन सुमारे ३.९ टक्के वाढलं होतं, दुसऱ्याचं १.५ टक्के. पण पहिल्या गटाची चरबी १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची ३ टक्क्यांनी. चरबीविरहित वजनात मात्र दोन गटांत ठामपणे सांगण्याजोगा फरक दिसला नाही. स्नायू वाढायची आज्ञा व्यायाम देतो, अन्न फक्त माल पुरवतं. आज्ञेपेक्षा जास्त आलेला माल चरबी म्हणून साठतो.

समजा, सांगलीतला एक तरुण आहे. वय २७, वजन ७२ किलो, अडीच वर्षांचा व्यायाम, आठवड्यातून चार दिवस जिम. त्यानं १८० ग्रॅमचं लक्ष्य ठरवलं. सध्याच्या खाण्यात वजन स्थिर असेल, तर रोज सुमारे २०० कॅलरी वाढवून सुरुवात करता येते. म्हणजे एक भाकरी आणि अर्धी मूठ शेंगदाणे, किंवा पेलाभर म्हशीचं दूध. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅम धरली तर त्याला दिवसाला साधारण ११५ ग्रॅम लागतील. वरण-भाताच्या जेवणातून ती आपोआप मिळत नाहीत. अंडी, पनीर, सोयाबीन, चिकन किंवा मासे यांची आखणी करावीच लागते.

आता मोजणी. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. रविवारी मटणाचा रस्सा आणि पोटभर भात झाला की सोमवारी सकाळी काटा एक किलो जास्त दाखवतो. ते मीठ, पाणी आणि अजून पोटात असलेलं अन्न असतं. १८० ग्रॅमची वाढ या चढउतारात सहज बुडून जाते. म्हणून रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी वजन करायचं आणि सात दिवसांची सरासरी काढायची. तुलना फक्त सरासरींची. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत वाढलेल्या भात-भाकरीमुळे स्नायूंत ग्लायकोजेन आणि त्याबरोबर पाणी साठतं, वजन एकदम उडी मारतं. ती उडी हिशेबातून वगळायची आणि तिथून पुढचे तीन आठवडे पाहायचे.

आपल्या तरुणाची सरासरी दुसऱ्या आठवड्याअखेर ७२.६ आणि पाचव्या आठवड्याअखेर ७३.१ आली असं धरू. तीन आठवड्यांत ५०० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १७० च्या आसपास. खाणं बरोबर चाललंय, त्याला हात लावायचं कारण नाही. हीच वाढ २०० ग्रॅमवर अडकली असती तर रोज शंभर-दीडशे कॅलरी वाढवायच्या. दीड किलो झाली असती तर तेवढ्याच कमी करायच्या.

पण काटा फक्त निम्मं सांगतो. उरलेलं जिमच्या वहीत असतं, आणि लीन बल्क फसतो तो बहुतेक वेळा ही वही न उघडल्यामुळे. नवख्यासारखी दर वेळी वजन वाढवायची अपेक्षा आता ठेवता येत नाही. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सर्वांत छोटी प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एकेक लावली की ६० चे ६५ होतात, म्हणजे एका दमात आठ टक्के वाढ. ती झेपत नाही. त्यापेक्षा ६० किलोवर तीन सेट आठ-आठ रेपचे होत असतील, तर तिन्ही सेटमध्ये बारा रेप जमेपर्यंत ६० वरच राहायचं आणि मगच ६५ ला हात घालायचा. आठवड्याला एखाद-दोन रेप वाढले, तरी १८० ग्रॅमच्या लक्ष्याला साजेशी ती प्रगती आहे. पुल-अप्सचा हिशेब थोडा वेगळा. शरीर दोन किलोंनी जड झालं आणि रेप तेवढेच राहिले, तर ताकद वाढलेलीच असते.

सहाव्या-सातव्या आठवड्यात त्याच्या वहीत असं दिसतं: वजन लक्ष्याप्रमाणे वाढतंय, बेंच आणि रोइंग मात्र तीन आठवडे जागच्या जागी, आणि बेंबीपाशी मोजलेली कंबर दोन सेंटीमीटरनं वाढलेली. इथे आणखी खाणं ही सर्वांत मोठी चूक. आधी पाहायचं की सेट खरोखर कठीण होतायत का. अजून चार-पाच रेप सहज झाल्या असत्या अशा जागी सेट थांबत असेल, तर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. शेवटी एक-दोन, फार तर तीन रेप शिल्लक राहाव्यात. तेही ठीक असेल, तर छाती आणि पाठीचे आठवड्यातले दहा सेट बारा-तेरापर्यंत न्यायचे, बाकीचे स्नायू आहेत तसेच ठेवायचे. सगळीकडे एकदम सेट वाढवले तर थकवा साचतो आणि नेमकं काय उपयोगी पडलं ते कळत नाही. उलट रेप घसरत असतील, सांधे दुखत असतील, झोप सहा तासांच्या खाली गेली असेल, तर वाढवण्याऐवजी एक आठवडा सेट निम्मे करून पाहायचं.

दुरुस्त्या करूनही तीन-चार आठवड्यांत वही हलली नाही आणि कंबर वाढतच राहिली, तर लक्ष्य खाली आणून आठवड्याला शंभर ग्रॅम करायचं किंवा वजन आहे तिथे स्थिर ठेवायचं. वही हलत असेल, तर तोच वेग सोळा आठवड्यांपर्यंत चालवता येतो. आपला तरुण तेव्हा पंच्याहत्तरच्या आसपास असेल. कंबर चार-पाच सेंटीमीटरनं वाढली, तर मात्र सोळा आठवडे पूर्ण होण्याची वाट न पाहता वाढीव २०० कॅलरी काढून घ्यायच्या, महिनाभर तेवढ्याच वजनावर व्यायाम चालू ठेवायचा आणि पुढची फेरी त्या नव्या सरासरीवरून मोजायला सुरुवात करायची.