सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा

सकाळचे साडेदहा वाजले होते. फर्दापूरच्या तिठ्यावर आमची गाडी थांबली आणि नऊ माणसं, दोन डबे आणि एक वैतागलेली आत्या खाली उतरली. इथे खासगी गाड्या सोडायच्या आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने लेण्यांकडे जायचं, एवढं आम्हाला माहीत होतं. बस मात्र एकही दिसेना. चहावाल्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आज सोमवार आहे दादा, लेणी बंद.’’ ड्रायव्हरलाही ते ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे आणि वेरूळ तीसेक किलोमीटरवर, तेही दुसऱ्याच दिशेला. दोन्ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे सुट्टीही एकाच दिवशी असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. पाहुण्याची निदान एक बाजू तरी उघडी राहावी, म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण क्रम चुकला की तीच अंगाशी येते. हातात सोमवार-मंगळवार असतील आणि तुम्ही सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा केलंत, तर दोन्ही पदरात पडतात. हेच उलट केलंत, तर दोन्ही दिवस कुलूप. आम्ही नेमकं उलट ठरवलं होतं, कारण ‘आधी लांबचं उरकू’ असं आत्याचं मत पडलं.

म्हणून सहलीचा कागद वारांपासून सुरू करावा. वर तारखा नि वार लिहायचे, खाली ठिकाणं, आणि जिथे बंद असेल तिथे आधी फुली मारायची. समजा, शनिवारी दुपारी पोहोचून सोमवारी रात्री परतायचं आहे. सोमवारी अजिंठ्यावर फुली पडली, म्हणजे ते रविवारीच जाणार. शनिवारी दुपारी निघण्यात अर्थ नाही. जायलाच अडीच-तीन तास लागतात, वर बसची रांग, आणि संध्याकाळी लेणी बंद होतात. वेरूळ सोमवारी. मग उरला बीबी का मकबरा. त्याला साप्ताहिक सुट्टी नाही आणि तो शहरातच आहे, म्हणून तो शनिवारच्या संध्याकाळी बसतो. दौलताबादचा किल्ला वेरूळच्या वाटेवरच आहे. तो सोमवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. बिनसुट्टीची ठिकाणं आधी कागदावर मांडली, की ती नेमकी अडचणीच्या ठिकाणांची जागा अडवून बसतात.

सणाचा हिशोब वेगळा. तिथे दार उघडं असतं, पण रस्ता बंद पडतो. वेरूळच्या लेण्यांशेजारीच घृष्णेश्वराचं ज्योतिर्लिंग आहे. श्रावणी सोमवारी किंवा महाशिवरात्रीला तिथे गर्दी अशी लोटते की लेण्यांपर्यंत गाडी पोहोचायलाच वेळ जातो. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून माणसं पायी निघतात, आणि तोही हाच रस्ता. म्हणजे श्रावणात वरच्या आराखड्यातला सोमवार नुसता ‘उघडा’ असून भागत नाही. त्या दिवशी दौलताबाद मागे ठेवायचं आणि भल्या पहाटे थेट वेरूळ गाठायचं.

दुपारच्या सुट्टीची अडचण लेण्यांना नाही. ती खरी देवळांची, आणि दक्षिणेत तर फारच. तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. तो पाहायला मराठी माणसं हौसेने जातात आणि दुपारी एकला दारात उभी राहतात. साडेबाराच्या सुमाराला देऊळ बंद होतं, ते चारच्या सुमाराला उघडतं. कुंभकोणम तिथून चाळीसेक किलोमीटर, पण म्हणून दुपारी तिकडे पळण्यात फायदा नाही. तिथली देवळंही त्याच वेळी झोपलेली असतात. ही वेळ जेवणाला, प्रवासाला किंवा राजवाड्यातल्या दालनांना द्यावी. मात्र तिथेही जेवणाची छोटी सुट्टी असू शकते, तेवढं आधी पाहून घ्यावं.

चौकशी करतानाही शब्द जपून वापरावे लागतात. ‘लेणी चालू असतात ना?’ असं विचारलं की समोरचा ‘असतात की’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. वेबसाइटवरची वेळ कधी टाकलेली आहे, हेही कळत नाही. तारीख आणि वार दोन्ही सांगून विचारावं, आणि उतरणार असाल त्या हॉटेलात आदल्या दिवशी पुन्हा एकदा. पुढच्या खेपेला मी तसाच फोन केला. पलीकडच्या माणसाने क्षणभर थांबून विचारलं, ‘‘साहेब, मागे सोमवारी आलेले तुम्हीच का?’’