अंडी धुऊन फ्रिजमध्ये ठेवावीत का?

बाजारातून आणलेल्या अंड्यांवर डाग दिसले की अनेकजण ती नळाखाली धुऊन मगच फ्रिजमध्ये ठेवतात. पण साठवण्यापूर्वी अंडी न धुतलेलीच बरी.

अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. कोंबडीने अंडं घालण्याच्या थोडं आधी कवचावर प्रथिनांचा पातळ थर चढतो. त्याला क्युटिकल म्हणतात. हा थर छिद्रांची तोंडं झाकून साल्मोनेलासारख्या जिवाणूंना अडवतो. धुताना, घासताना तोच निघून जाऊ शकतो.

थंड पाण्याचा धोका आणखी वेगळा. समजा, अंडं ३० अंशांवर आहे आणि पाणी २० अंशांवर. थंडाव्याने अंड्याचा आतला भाग आकसतो आणि कवचावरचे जिवाणू पाण्याबरोबर छिद्रांतून आत ओढले जाऊ शकतात. म्हणूनच अमेरिकेत विक्रीची अंडी धुतात ती अंड्यापेक्षा गरम पाण्याने, आणि नंतर ती सतत थंड ठेवतात.

घरी डाग कोरड्या फडक्याने पुसा. धुवायचंच असेल, तर फोडण्याच्या अगदी आधी, कोमट पाण्याने धुवा. तडा गेलेलं अंडं टाकून द्या. साल्मोनेला कधी कधी अंड्याच्या आतही असतो, त्यामुळे पांढरा आणि पिवळा दोन्ही भाग घट्ट होईपर्यंत शिजवा.